किती वाईट वाटलं, एक ते पाच

तयार कपड्यांच्या त्या कारखान्याच्या आस्थापना विभागात सकाळी एक लांब टेबल, चार खुर्च्या, एक न चालणारा पंखा आणि एकतीस बंद पाकिटं होती. पाकिटांचे तीन ढीग होते. पहिल्यात आठ: यांच्या जागाच रद्द झालेल्या. दुसऱ्यात चौदा: हे कापड कापायच्या नव्या यंत्राच्या चाचणीत नापास झालेले. तिसऱ्यात नऊ: यांनी साठी ओलांडलेली. तिन्ही ढिगांचा अर्थ एकच होता, नोकरी गेली. एकतीसपैकी एकाही पत्रात मात्र तसं लिहिलेलं नव्हतं.

मजकूर लिहिला होता मोजपट्टीने. विभागातली सगळ्यांत तरुण अधिकारी ती. जे दिसेल ते मोजते म्हणून हे नाव तिला पडलं होतं. नावं घालून पाकिटं बंद करायचं काम पगार विभागाचं, त्यामुळे कोणाकोणाला पत्र जाणार हे तिला ठाऊक नव्हतं. शब्दही तिचे नव्हते. ते एका सल्लागाराने यादी करून दिले होते. ‘काढले’ऐवजी ‘जबाबदारीतून मोकळीक’. ‘नापास’ऐवजी ‘विकासाच्या पुढील टप्प्यावर’. ‘वय झाले’ऐवजी ‘सुवर्णपर्वात पदार्पण’. शेवटी हरकतीची ओळ होती. तिथे ‘निर्णय मान्य नसल्यास महिनाअखेरपर्यंत हरकत घ्यावी’ याच्या जागी आलं होतं, ‘आपला अभिप्राय महिनाअखेरपर्यंत स्वागतार्ह आहे.’

यादी दहा जणांना वाचायला देऊन तपासली होती, असं सल्लागार सांगायचा. प्रश्न विचारला होता: किती वाईट वाटलं, एक ते पाच? सरासरी दीडच्या आसपास आली होती. मोजलेलं आहे म्हटल्यावर मोजपट्टीने फारसं खोदलं नव्हतं.

दुपारी पाकिटं वाटली गेली. संध्याकाळी ती घरी आली तर मावशी चपला न काढताच दारात उभी. ही तिच्या आईची धाकटी बहीण. त्याच कारखान्यात तिने सव्वीस वर्षं कापड कापलेलं, आणि नोकरीसाठी गाव सोडल्यापासून मोजपट्टी तिच्याकडेच राहत होती.

“आलीस? ये, ये. हे बघ, तुझ्या मावशीला बढती!”

मावशीच्या हातात उघडलेलं पाकीट होतं.

“विकासाच्या पुढच्या टप्प्यावर, असं लिहिलंय. ते यंत्र मला जमत नव्हतं ना, आता म्हणे कापायच्या कामातून मोकळीक. म्हणजे शिकायला वेळ देणार. शेजारणीला सांगून आले, तिच्या नाकाला मिरची झोंबली.”

“मावशी…”

“थांब गं. अभिप्राय मागितलाय, तो पण लिहिला. तुझ्याएवढं शिकले नाही, पण चार ओळी येतात.” तिने कागद पुढे केला. ‘मी आपली मनापासून आभारी आहे.’ खाली ठसठशीत सही.

“हे दिलंस कोणाला?”

“उद्या टाकणार अभिप्रायाच्या पेटीत. काही जणांनी तर आजच टाकलं. ते इस्त्रीवाले आजोबा विचारत होते, सुवर्णपर्व म्हणजे अंगठी देणार की नुसता हार?”

मोजपट्टीने तो कागद घेतला, घडी घातली, स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. “मावशी, बस. तुला काढलंय.”

“कुठे?”

“नोकरीवरून. या महिन्याच्या शेवटी.”

मावशी बसली नाही. पत्र पुन्हा वाचलं, ओठ हलवत, एकेका शब्दावर बोट ठेवून. मग उलट करून मागची कोरी बाजूही पाहिली.

“कुठे लिहिलंय?”

“लिहिलं नाहीये. पण तसंच आहे.”

“लिहायला काय हात मोडले होते? कोणी लिहिलं हे?”

“मी.”

नंतर जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण बोलत एकटी मावशीच होती. “गळा कापायचा तर कापा, पण वर अत्तर कशाला लावता? मी गल्लीभर नाचून आले! आणि ती सही? ती सही दिली असती म्हणजे मी कबूल झाले असते ना? बोल की!”

“हो.”

“वाईट वाटू नये म्हणून लिहिलंस? मला वाईट वाटायचा हक्कसुद्धा ठेवला नाहीत तुम्ही लोकांनी!”

त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही.

सकाळी मोजपट्टी पोहोचली तेव्हा विभागप्रमुख बाई आणि सल्लागार पेटी उघडून बसले होते.

“बघ,” बाई खुशीत म्हणाल्या, “सात अभिप्राय, सातही आभाराचे. लोक किती समंजस असतात!”

मोजपट्टीच्या डोक्यात तिडीक गेली. “बाई, ते समंजस नाहीत. त्यांना समजलेलंच नाही.”

“चाचणी झाली आहे,” सल्लागार म्हणाला. “सरासरी दीड.”

“तुम्ही काय विचारलंत? किती वाईट वाटलं! नोकरी गेली हे ज्याला कळलंच नाही, त्याला वाईट कसं वाटेल? भूल दिलेल्याला टोचून विचारायचं, दुखतंय का? पत्रात काय लिहिलंय, हे एकाला तरी विचारलंत?”

सल्लागार हसला. “म्हणजे तुम्हाला ‘हाकललं’ असं लिहायचंय?”

“नाही. ‘म्हातारे’ नको, ‘ज्येष्ठ’ लिहा. ज्येष्ठ कोण, हे सगळ्यांना कळतं. ‘नापास’ टोचत असेल तर ‘चाचणीत उत्तीर्ण झाला नाहीत’ लिहा. शब्द मऊ असू दे, पण वाचल्यावर उद्या काय करायचं हे कळलं पाहिजे. हे तुमचं मऊ नाही, हे लबाड आहे. आणि मी ते टाइप केलं.”

“आवाज खाली,” बाई म्हणाल्या.

“खाली करते. पण ही एकतीस माणसं पुढच्या महिन्यात डबा घेऊन फाटकावर येतील आणि रखवालदार अडवेल. तेव्हा त्यांना समजवायला कोण जाईल? हे जातील?”

सल्लागार पंख्याकडे बघू लागला. बाई बराच वेळ त्या सात कागदांशी चाळा करत राहिल्या. त्या चांगल्या होत्या, फक्त रडणारी माणसं त्यांना बघवत नसत. शेवटी त्यांनी विचारलं, “तुझं म्हणणं खरं, हे कशावरून?”

“मोजून.”

पॅकिंग विभागात पत्र कोणालाच गेलं नव्हतं. तिथल्या वीस जणांचे मोजपट्टीने चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकाच माणसाला दोन्ही पत्रं दिली असती तर पहिल्याने दुसऱ्याचा अर्थ सांगून टाकला असता. पहिल्या गटाला मावशीला आलेलं जुनं पत्र. दुसऱ्याला तिने पहाटे लिहिलेलं: ‘तुमची नोकरी या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपत आहे. तुम्ही नव्या यंत्राच्या चाचणीत उत्तीर्ण झाला नाहीत. इतकी वर्षं केलेल्या कामाबद्दल आम्ही आभारी आहोत. हा निर्णय मान्य नसेल तर पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत हरकत नोंदवा. हरकत कशी लिहायची ते या कार्यालयात समजावून सांगू.’ सल्लागाराचा प्रश्न तिने गाळला नाही. त्याला फक्त एक जोडला: हे पत्र तुम्हाला आलं असतं, तर तुमच्या नोकरीचं काय झालं असतं?

बाईंनी आकडे दोनदा वाचले. सातही कागद फाडले, जुनी पत्रं मागे घेत असल्याच्या आदेशावर सही केली आणि ज्याचं त्याचं कारण घातलेली नवी पत्रं स्वतः उभं राहून वाटली. पत्र मिळालेल्यांपैकी दोघी तिथेच रडल्या. इस्त्रीवाल्या आजोबांनी पत्र बाईंच्याच टेबलावर आपटलं. मावशीने ते एकदाच वाचलं आणि हरकतीचा अर्ज मागितला. मोजपट्टी समजावायला पुढे झाली तर म्हणाली, “तू नको. दुसरं कोणी असेल तर सांग.” घरीही ती तिच्याशी बोलत नव्हती.

तीस दिवसांनंतर विभागाच्या फळ्यावर नोंद होती. जुनं पत्र, वाचणारे दहा: वाईट वाटल्याची सरासरी १.६, नोकरी गेली हे ओळखणारा एक. नवं पत्र, वाचणारे दहा: सरासरी ४.२, ओळखणारे दहा. प्रत्यक्ष वाटलेली नवी पत्रं एकतीस: आभार शून्य, हरकती सव्वीस.