सातव्या ओळीतलं नाव

आमच्या गावात शाळेचे गुण आधी पालकांच्या सभेत वाचायचे आणि मगच वर कळवायचे, अशी रीत आहे. बाई एकेक नाव घेतात, गुण सांगतात. ते झालं की फळ्यावर तीन गोष्टी लिहायच्या. पहिला कोण, वर्गाची सरासरी किती आणि पास किती. सभेनं हात वर केले की तेवढं पर्यवेक्षकाला जातं. जो पहिला येतो तो निरोपाच्या दिवशी शाळेचा झेंडा धरतो.

त्या वर्षी रोसाउरा बाई सभेला नव्हत्या. आईला दवाखान्यात ठेवलं म्हणून त्या आदल्या दिवशीच शहरात गेल्या होत्या. तिथून त्यांनी निकालाच्या तक्त्याचा स्क्रीनशॉट काढून मारिबेलच्या फोनवर धाडला. सोबत लिहिलं होतं, ‘सभेत वाचा, तीन आकडे काढा, दुपारपर्यंत मला पाठवा.’ मारिबेल म्हणजे पालक समितीचा अध्यक्ष हेरार्दो याची सून. लग्नाआधी ती शहरात दुकानात कामाला होती. फोन तिच्या हातात असला की आम्ही बाकीचे निश्चिंत.

खिडकीपाशी जरा रेंज येते, म्हणून सगळे तिथेच जमलो होतो. बायकांनी भाजलेला मका आणला होता. पुरुष लोकरीचे पोंचो अंगाभोवती घट्ट ओढून बाकांवर बसले होते. मागच्या भिंतीशी आन्सेल्मो मोरोचो एकटाच उभा होता. हॅट हातात.

तो येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. त्याचा देल्फिन ईस्टरनंतर गेला. पोटात दुखायला लागलं, पावसानं दरड आली होती, गाडी पलीकडे अडकली. बारा वर्षांचा मुलगा, सातवीत. आमच्याकडे वर्ष सरेपर्यंत गेलेल्या मुलाचं नाव बापासमोर कुणी उच्चारत नाही. तसा नियम कुणी केलेला नाही, पण तोंडातून निघतच नाही.

मारिबेलनं चित्र उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी शेजारीच होते. तक्त्यात बारा ओळी होत्या, आडनावांच्या क्रमानं. प्रत्येक नावापुढे तीन सत्रांचे गुण आणि शेवटी अंतिम गुण, दहापैकी. सातव्या ओळीत मोरोचो देल्फिन. पहिल्या दोन सत्रांचे गुण होते, तिसरा रकाना मोकळा, आणि शेवटच्या रकान्यात एक आडवी रेघ.

“बाईंनी नाव काढलं नाही,” ती माझ्या कानात म्हणाली.

“मृत्यूचा दाखला वर पोचल्याशिवाय निघत नाही म्हणतात.”

“मग मी वाचू कशी, मिका आजी? सहावं वाचलं की सातवं येणार. तो समोर उभा आहे.”

हेरार्दो पुढे वाकला. त्यानंही ओळ पाहिली आणि मान खाली घातली. मग जरा मोठ्यानं म्हणाला, “यंदा एकेक वाचत बसू नका. उशीर होतोय. फोनला विचार, तो काढून देईल.”

सगळ्यांना ते बरं वाटलं. मलाही वाटलं. मारिबेलनं ते चित्र फोनमधल्या त्या उत्तरं देणाऱ्या मदतनीसाला दिलं आणि तिन्ही गोष्टी विचारल्या. रेंज जात येत होती. थोड्या वेळानं उत्तर आलं आणि तिनं ते खडूनं फळ्यावर उतरवलं.

पहिली : नुबे गुआमान, ९.६२.
सरासरी : ७.४३.
एकूण १२, पास १०, नापास २.

नुबेच्या आईनं, त्रान्सितोनं, शालीच्या टोकाशी चाळा करत मान खाली घातली. बायका तिच्याकडे बघून हसल्या.

“झेंड्याची काठी तुझ्या पोरीपेक्षा जड आहे गं,” एक जण म्हणाली.

“वाकून धरील,” त्रान्सितो म्हणाली. “घरी कुणासमोर वाकत नाही, निदान झेंड्यापुढे वाकेल.”

“सात पॉइंट त्रेचाळीस फार कमी झाले,” हेरार्दो फळ्याकडे बघत पुटपुटला. “गेल्या वर्षी आठच्या पुढे होतो. यंदाची पोरं हुशार म्हणायच्या ना बाई.”

“फोन चुकत नाही,” कुणीतरी म्हणालं.

“हात वर करायचे का?” हेरार्दोनं विचारलं.

तेव्हा मागून आन्सेल्मोचा आवाज आला. त्यानं आवाज चढवला नव्हता.

“नापास दोन कोण?”

मका चावायचे आवाज थांबले.

“एकाचं नाव माझ्या कानावर आलंय,” तो म्हणाला. “दुसरा कोण?”

“ताइता आन्सेल्मो,” हेरार्दो वडीलधाऱ्यांसाठीचा शब्द लावून म्हणाला, “यंत्रानं काढलंय. नावं नसतात त्यात. नुसते आकडे.”

“आकडा कुणाचा तरी असतो ना.”

मारिबेल फोनवर खाली-वर करत होती. तिचा चेहरा उतरला. तिनं हळूच मला दाखवलं. उत्तराच्या खाली यंत्रानं स्वतःच लिहिलं होतं, नापास : मोरोचो, ०.००, आणि पागुआय, ६.५८. आडव्या रेघेला त्यानं शून्य धरलं होतं. शून्य सरासरीत घातलं होतं आणि शून्य नापासातही मोजलं होतं. ती रेघ कशी धरायची हे आम्ही सांगितलंच नव्हतं, कारण सांगायला नाव घ्यावं लागलं असतं.

पागुआय म्हणजे एदिसन. माझा नातू. पास व्हायला सात लागतात आणि त्याला सहा अठ्ठावन्न पडले होते. गणितात मार खाल्ला. हे मला आधीच ठाऊक होतं. सभेत ते नाव निघू नये असं मलाही वाटत होतं. फोनला विचारा असं हेरार्दो म्हणाला तेव्हा मी गप्प राहिले, त्यातलं अर्धं कारण हे होतं.

मी उठले. भिंतीचा आधार घेतला.

“नापास एकच आहे,” मी म्हणाले, “आणि तो माझ्या घरचा आहे. एदिसन. दुसरा कुणी नाही.”

“बसा आजी, बसा,” हेरार्दो म्हणाला.

“बसते. पण रीतीप्रमाणे वाचा. एकेक.”

मारिबेलनं आन्सेल्मोकडे पाहिलं. तो भिंतीपासून सुटून पुढच्या बाकाच्या टोकाला येऊन बसला. त्रान्सितोनं सरकून जागा दिली.

मग मारिबेल वाचू लागली आणि हेरार्दो फळ्यावर अंतिम गुण मांडत गेला. पास झालेल्या प्रत्येकासाठी मी बाकावर मक्याचा एक दाणा ठेवत होते, आम्ही सभेत मतंही अशीच मोजतो. काहिलेमा आठ वीस. दाणा. चुकुरी सात पंचेचाळीस. दाणा. दाकिलेमा नऊ दहा. ग्वाचो बरोबर सात. तिथे ग्वाचोचा बाप म्हणाला, “सात म्हणजे पास ना? आत की बाहेर?”

“सात म्हणजे आत,” हेरार्दो म्हणाला. “उंबऱ्यावर पाय ठेवून आत.”

“काठावर बसायची सवय त्याला बापाकडून आलीय,” मागून कुणीतरी म्हणालं आणि जरा हसू पसरलं. मी दाणा ठेवला. नुबे नऊ बासष्ट. लेमा आठ पस्तीस.

मग मारिबेल थांबली.

“वाच,” आन्सेल्मो म्हणाला.

“मोरोचो देल्फिन,” तिनं वाचलं. “पहिलं सत्र नऊ सत्तर. दुसरं नऊ पंचाहत्तर. तिसरं…” तिनं फोन डोळ्यांजवळ नेला. “तिसरं मोकळं आहे, ताइता. शेवटी रेघ आहे.”

आन्सेल्मोची बोटं हॅटच्या कडेवरून फिरत होती. मी दाणा हातात धरून बसले होते. ठेवायचा नाही हे मला कळत होतं, पण खालीही टाकवेना.

“नऊ पंचाहत्तर,” तो म्हणाला. “मला आठ काहीतरी सांगितलं होतं त्यानं. लपवत होता. माझ्या वाढदिवसाला सांगायचं ठरवलं असेल.”

त्रान्सितो उठली. तिचे डोळे भरले होते, पण बोलली नीट. “दोन सत्रं धरली तर त्याचे माझ्या पोरीपेक्षा जास्त होतात. झेंडा त्याच्या नावानं ठेवा. नुबेला मी सांगते.”

दोघाचौघांनी माना हलवल्या. हेरार्दोनं खडू वर धरला, पण लिहिलं नाही. तो आन्सेल्मोकडे बघत राहिला.

“नको,” आन्सेल्मो म्हणाला. “तिनं तिन्ही सत्रं दिली. त्यानं दोनच दिली. तिसऱ्याला काय झालं असतं कुणाला ठाऊक, गणितात घसरलाही असता.” त्यानं माझ्याकडे पाहिलं. “तो नि तुमचा एदिसन एकाच बाकावर बसायचे ना. एकमेकांचं बघून चुकत होते.”

“चुकत होते,” मी म्हणाले.

“मला त्याच्यासाठी काही मागायचं नाही. फक्त त्याला नापास लिहू नका. परीक्षेला बसलाच नाही तो.”

हेरार्दोनं बाकीची नावं वाचायला सांगितली. नाउला सात ऐंशी. पागुआय सहा अठ्ठावन्न. मारिबेलनं ते इतर गुणांसारखंच वाचलं, त्याबद्दल मी तिची आभारी आहे. किश्पी आठ शून्य पाच. साग्न्याय नऊ सव्वीस. तेनेलेमा सात सत्तर.

दाणे दहा भरले. मारिबेलनं फोनवर बेरीज केली, हेरार्दोनं फळ्यावर केली, दोघांची एकोणनव्वद पॉइंट अकरा आली. मग प्रश्न आला, भागायचं कितीनं?

“नावं बारा,” ग्वाचोचा बाप म्हणाला.

“गुण अकराच आहेत,” मारिबेल म्हणाली. “ज्याला गुणच नाही तो भागायलाही नाही. बारानं भागलं की सात त्रेचाळीस येतात, ते मघाचे. अकरानं भागलं की आठ दहा.”

“मोकळं म्हणजे शून्य नव्हे,” हेरार्दो म्हणाला आणि फळा पुसला. पुसताना त्यानं पूर्ण पुसला, जुना एकही आकडा राहू दिला नाही. मग पुन्हा लिहिलं. पहिली नुबे गुआमान, ९.६२. सरासरी ८.१०. परीक्षा दिलेले ११, पास १०, नापास १. आणि खाली वेगळी ओळ : परीक्षा न दिलेला १.

“कारण लिहायचं?” त्यानं विचारलं.

“नाव लिही,” आन्सेल्मो म्हणाला. “कारण बाईंना ठाऊक आहे.”

हेरार्दोनं नाव लिहिलं. हात वर झाले. आन्सेल्मोचा हात इतरांबरोबरच वर गेला, उशिरा नाही.

मारिबेल खिडकीशी जाऊन निरोप टाइप करू लागली. आन्सेल्मो तिच्या मागे जाऊन उभा राहिला. त्याला वाचता येतं, पण चष्मा घरी राहिला होता.

“पाठवायच्या आधी वाच,” तो म्हणाला.

तिनं चारही ओळी वाचल्या. तो ऐकत होता, मान हलवत नव्हता.

“शेवटची पुन्हा.”

“परीक्षा न दिलेला, एक. मोरोचो देल्फिन.”

बाहेर रेंज येते की नाही बघायला तिनं फोन काचेपाशी धरला. आन्सेल्मोनं हॅट डोक्यावर घातली.

“पाठव, पोरी,” तो म्हणाला.