सत्यवतीचा पीएफ

पीएफचा क्लेम नामंजूर झाल्याचा मेसेज आला तेव्हा अनसूया देशकर मटार सोलत होती. तिने तो तीनदा वाचला आणि मग मुरलीधरच्या हातात मोबाइल दिला. "बघा बरं, काय म्हणून राहिले हे?"

मुरलीधरने चष्मा नाकावर ओढला. "सदस्याचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव जुळत नाही म्हणे."

अनसूयाने पुढची शेंग सोलायला घेतली. तिला सगळं ठाऊक होतं हो! नवऱ्याला ठाऊक नव्हतं, एवढंच.

जबलपुरात रिछाईच्या एका रेडिमेड कपड्यांच्या कारखान्यात ती नऊ वर्षं तपासणीच्या टेबलावर होती. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा तिने ते काम सोडलं. सासूबाई गेल्या, घर शांत झालं, आणि महाराजपुरातल्या कुमुदताईंचं फॉल-पिकोचं दुकान विकायला निघालं. चार हात रुंदीचं दुकान, आत दोन मशिनी. अनसूयाचा जीव त्या दुकानावर जडला. मुरलीधर म्हणाला होता, माझ्या रिटायरमेंटच्या पैशातून घे. ती म्हणाली, "नाही. दुकान माझं, तर पैसाही माझाच." आणि तिचा पैसा म्हणजे कारखान्यातला हा पीएफ, दुसरा छदाम नव्हता. कुमुदताई नागपूरला लेकाकडे जायला निघाल्या होत्या. दिवाळीपर्यंत थांबते म्हणाल्या, त्यापुढे नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं रिछाईला गेली. कारखान्याच्या ऑफिसात पीएफचं काम बघणारी रुचिरा नागपूरची, दोन वर्षांमागे जबलपुरात आलेली. मराठी माणूस भेटला की तिचा चेहरा खुलायचा. तिने कॉम्प्युटरवर पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"काकू, आमच्याकडे तुमचं नाव सत्यवती गणोरकर आहे. आधार, पॅन, बँक, सगळीकडे अनसूया देशकर. काहून असं?"

"सत्यवती माझं माहेरचं नाव. जन्मतारखेच्या दाखल्यासाठी शाळेची मार्कशीट दिली होती. तेव्हाच्या बाबूने त्यावरून नाव उतरवलं."

"मग तेव्हाच सांगायचं ना! तेव्हा पगार रोख मिळे, म्हणून कुठे अडलं नाही. पण आधार जोडायच्या आधीच तुम्ही काम सोडलं."

अनसूयाने पदर सारखा केला. आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "सांगणार होते गं. पण पहिल्याच दिवशी हजेरी घेताना सुपरवायझर ओरडला, 'सत्यवती दीदी!' कितीक वर्षांनी कोणी त्या नावाने हाक मारली होती. आईबाबा गेल्यावर ते नाव घेणारं उरलंच कोण? म्हटलं, राहू दे. रोज सकाळी एकदा तरी ऐकायला मिळेल."

आता काय म्हणावं या बाईला! नऊ वर्षं हजेरीत आपलं नाव ऐकायला मिळावं म्हणून स्वतःचा पीएफ अडकवून बसली. मुरलीधर टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिला.

मग रुचिराने नीट समजावून सांगितलं. एखाद्या अक्षराचा फरक असता तर सोपं होतं. इथे अख्खं नावच वेगळं, त्यामुळे राजपत्र लागणार. आधी नोटरीसमोर शपथपत्र, मग पेपरात जाहीर सूचना, मग भोपाळला अर्ज. राजपत्रात नाव छापून आलं की ते, जुन्या नावाची मार्कशीट आणि आधार जोडून दुरुस्तीचा अर्ज भरायचा. त्यावर सही काकूंची आणि कारखान्याची. पीएफ ऑफिसने तो मंजूर केला की आधार आणि बँक खातं जोडायचं आणि क्लेम पुन्हा टाकायचा.

"वेळ लागेल, काकू. पण पैसे कुठे जात नाहीत. व्याजासकट तुमचेच आहेत," रुचिरा म्हणाली.

परत येताना ऑटोत मुरलीधर बाहेरच बघत बसला. अनसूयाला वाटलं, चिडला. चिडणारच की! घरी पोचल्यावर ती म्हणाली, "रागावलात?"

"रागावू कोणावर? लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने 'अनसूया' मीच लिहिलं होतं. आत्याबाई म्हणाल्या हे नाव लिही, मी लिहून मोकळा. तुला एका शब्दाने विचारलं नाही." त्याने चष्मा काढून पुसला. "मला काय ठाऊक, तू नऊ वर्षं ते नाव ऐकायला ड्यूटीवर जात होती."

"अहो, ड्यूटीवर पगारासाठी जात होते. नाव फुकट मिळे," ती म्हणाली, आणि दोघंही हसली.

नोटरीच्या टेबलाशी मात्र तिचं हसू मावळलं. कोर्टाच्या आवारात निंबाखाली बसलेल्या टायपिस्टने शपथपत्र हिंदीत वाचून दाखवलं. "मैंने अपना पूर्व नाम सत्यवती गणोरकर पूर्णतः त्याग दिया है."

अनसूयाने पेन उचललं आणि खाली ठेवलं.

"माताजी, साइन कीजिए," नोटरी म्हणाला.

तिचे डोळे भरून आले. हे नाव बापाने ठेवलेलं. ती आजारी असताना आईने उशाशी बसून हेच नाव पुटपुटलं होतं. आणि हे टाकलं म्हणून सरकारला लिहून द्यायचं! "भैया, त्याग काहून लिहिलं? मी काही टाकलं नाही जी."

"फॉरमॅट है, माताजी."

मुरलीधरने तिला बाजूला नेलं. "तुला नाही करायचं तर नको करू. माझे पैसे घे, दुकान घेऊ. नाहीतर आधार, बँक, सगळं सत्यवती करू. लागेल तेवढी धावपळ मी करतो. माझ्या आडनावासाठी अडू नको."

तिने त्याच्याकडे पाहिलं. उन्हाने लाल झालेला चेहरा, हातात फाइल, खांद्यावर पाण्याची बाटली. हा माणूस खरंच सगळी ऑफिसं पालथी घालेल, हे तिला ठाऊक होतं. पण त्यातही राजपत्र लागणारच होतं, वर पासबुकापासून रेशनकार्डापर्यंत सगळं बदलावं लागलं असतं. कुमुदताई तेवढं थांबणार नव्हत्या. आणि अनसूया म्हणूनही तिने संसार केला होता, सुखाने केला होता. ती परत फिरली, डोळे पुसले आणि सही केली.

पुढे कागद आपल्या गतीने चालले. पेपरात सूचना आली, त्या दिवशी तिने पेपर उघडला नाही. राजपत्र दसऱ्यानंतर आलं. कुमुदताईंनी कुरकुर करत आणखी महिनाभर दिला. दुरुस्ती मंजूर झाली. रुचिराने शेजारी बसवून मोबाइलवरून क्लेम भरायला लावला, आणि एका दुपारी पैसे खात्यात आले. अनसूयाने रुचिराला फोन करून पेढे खायला बोलावलं.

दुकानाची किल्ली हातात आली त्या सकाळी मुरलीधर म्हणाला, "तू अर्ध्या तासाने ये." ती पोचली तर हा गडी स्टुलावर उभा, हाताला रंग लागलेला, आणि खाली पेंटर सूचना देऊन राहिलेला. दारावर नवी पाटी होती. मराठी आणि हिंदी दोन्हींना चालेल अशी एकच ओळ: 'सत्यवती फॉल-पिको सेंटर'.

ती रस्त्यातच थांबली. मागून स्कूटीवाल्याने हॉर्न दिला, तरी हलली नाही.

"अहो, हे काय! सरकारला लिहून दिलंय ना मी, ते नाव टाकलं म्हणून?"

"तू दिलंय. मी कुठे काही लिहून दिलं?" मुरलीधर स्टुलावरून उतरला आणि रंगाचे हात पँटला पुसले. "या वेळी विचारून लिहायचं होतं मला. पण विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असती."

"लोक विचारतील, सत्यवती कोण म्हणून."

"विचारू दे की. मालकीण आहे म्हणून सांग," तो म्हणाला आणि दाराचं शटर वर ढकलून बाजूला झाला. "चल सत्यवती, आत ये. पहिलं पाऊल तुझं."