जुनं दुकान सुरूच आहे

माझ्या सुनेनं, देसीनं, आमचं दुसरं दुकान उघडलं आणि जुन्या गिऱ्हाइकांना फोनवर निरोप धाडला: ‘आमची बानित्सा आता स्टेशनसमोर, बारा नंबरला. सकाळी साडेसहा ते दोन. पहिला आठवडा गोड-आंबट, थंडगार बोझाचा ग्लास फुकट.’

सोमवारी माझ्या जुन्या दुकानात चीज भरलेली, पापुद्र्यांची गरम बानित्सा निवत पडली, कुणी फिरकलं नाही. नऊला म्हातारा स्तामेन दारापुढून काठी टेकत चालला होता, तो मला बघून थबकला.

“स्तोयांके, तू इथंच? मला वाटलं दुकान हललं. स्टेशनपर्यंत पाय चालेनात, म्हणून उपाशीच बसलो होतो.”

मी देसीला फोन लावला. “अगं शहाणे, मला जिवंतपणी पुरलंस! जुनं दुकान सुरूच आहे, एवढं लिहिताना बोटं झिजली असती?”

दहा मिनिटांत दुसरा निरोप गेला. बोझा दोन्हीकडे फुकट, हे मी लिहायला लावलं. पहिला ग्लास स्तामेनला दिला.