उमाकांतरावांची शंका

कानडी मुलखातल्या मनोविकारांच्या रुग्णालयात मी समाजसेविका म्हणून नवीन लागले, तेव्हा माझा ठाम समज होता की माणसाचं काहीही बिघडलं तरी मुळाशी त्याचा बाप असतो. त्यामुळे उमाकांतरावांची केस आली तेव्हा मला घबाडच सापडलं.

उमाकांतराव यशवंतपूरकडच्या एका कारखान्यात तपासनीस. यंत्रांचे सुटे भाग मापून पास करायचे, हे त्यांचं काम. पण श्रावणापासून त्यांच्या हातून एकही भाग पुढे जाईना. मापायचे, पुन्हा मापायचे, मग शेजारच्याला विचारायचे, "बरोबर आहे ना?" टेबलावर ढीग साचला. साहेबांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली. तोवर सुधारणा नाही झाली तर गोदामात बदली. मापण्याखेरीज ज्याला दुसरं काही आवडत नाही, त्या माणसाने गोदामात बसून करायचं तरी काय?

त्यांचे वडील शाळामास्तर. गणित बरोबर आलं तरी म्हणायचे, "पुन्हा बघ." मी खुशीत येऊन बैठकीत सगळं बापाच्या खाती टाकलं.

आमचे प्रमुख आप्पाजी सर धारवाडकडचे. मराठी बेताचं, पण प्रश्न नेमका.

"वडील लहानपणापासून होते," ते म्हणाले. "मग दुखणं श्रावणातच का आलं? आणि आलं ते आलं, टिकलं कशावर?"

मग सर म्हणाले, "घरी जाऊन बघून या, अक्का."

चामराजपेटेतल्या उमाकांतरावांच्या घरी मी सकाळीच गेले. ते कारखान्यात निघाले होते. दाराबाहेर येऊन त्यांनी बायकोला, सुलभाताईंना विचारलं, "गॅस बंद केला ना?" "केला." "नक्की?" आतून त्यांची आई, म्हणजे सुलभाताईंच्या सासूबाई, ओरडल्या, "मी स्वतः पाहिला रे." ते फाटकापाशी गेले, परत आले. मग वरच्या गॅलरीतून कानडी घरमालक शिवाप्पा दात घासता घासता म्हणाले, "एल्ला सरी इदे, साहेब. सगळं ठीक. होगी, निघा." उमाकांतरावांचा चेहरा फुलला आणि कोपऱ्यावर पोचेस्तोवर पुन्हा कोमेजला. ते परत आले.

"रोज असंच," सुलभाताई म्हणाल्या. "आम्ही पाळ्या लावल्यात. मंगळवारी सासूबाईंचं मौन असतं, म्हणून शिवाप्पा दोनदा बोलतात."

एवढ्या प्रेमाने आजार पोसणारं घर मी दुसरं पाहिलं नाही.

श्रावणाचंही कळलं. तोवर त्यांच्या सहीवर वरिष्ठांची सही व्हायची. श्रावणात बढती मिळाली आणि शेवटची सही त्यांची झाली.

पुढच्या भेटीत मी उमाकांतरावांपुढे सगळं जोडून मांडलं. वडिलांमुळे मनात बसलं की बरोबर उत्तरातही चूक लपलेली असते. बढतीने सगळी जबाबदारी एकट्यावर आली, तेव्हा ती जुनी शंका जागी झाली. शंका आली की तुम्ही विचारता, कुणीतरी 'बरोबर' म्हणतं, जरा बरं वाटतं. पण त्यामुळे न विचारताही शंका विरते, हे तुम्हाला कधी कळतच नाही. म्हणून पुढच्या वेळी आणखी विचारावं लागतं.

त्यांनी चष्मा पुसला. "यात वडिलांचा भाग किती आणि बढतीचा किती? आणि हे चुकीचं निघालं तर?"

"तर बदलू. हे कामापुरतं स्पष्टीकरण आहे, शिलालेख नाही. मी म्हणते ते खरं असेल, तर उत्तरं बंद केल्यावर आधी त्रास वाढेल, मग उतरेल. नाही उतरला तर माझंच कुठेतरी चुकलं. करून बघायचं का?"

तपासनीसाला तपासणी आवडली. ते तयार झाले. आम्ही घरच्यांना बोलावलं. कुणीही उत्तर द्यायचं नाही. फक्त 'याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय' एवढंच म्हणायचं. कारखान्यातही एकदाच मापायचं आणि भाग पुढे द्यायचा.

त्रास खरंच वाढला. सासूबाई सकाळी देवळात पळू लागल्या, कारण मुलाचा चेहरा पाहवत नव्हता. शिवाप्पांनी तोंडात पाणी धरून ठेवायचा उपाय काढला. एकदा ते गिळून 'सरी इदे' म्हणालेच, आणि मग भेटून माझी माफी मागून गेले. उमाकांतराव फाटकाशी घामाघूम उभे राहायचे. पण हळूहळू ते उभं राहणं आखूड होत गेलं, आणि टेबलावरचा ढीगही.

दिवाळी तोंडावर आली. साहेबांकडे जायच्या आधी ते माझ्याकडे आले. बसले नाहीत.

"बाई, माझी बदली होणार नाही ना?"

इतके दिवस दुसऱ्यांना गप्प बसवणं सोपं होतं. त्या सकाळी मला त्यांची इतकी माया आली की 'नाही हो, मुळीच नाही' असं म्हणायला जीभ शिवशिवली. पण मला तरी कुठे ठाऊक होतं?

"याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय," मी म्हणाले.

ते हसले, छत्री उचलली आणि दुसऱ्यांदा न विचारता बाहेर पडले.