चार स्क्रीनचा नमुना

त्या कंपनीत जागा नव्हती. म्हणजे जाहिरात नव्हती. तरी मी अर्ज केला, कारण जागा नसली तरी गरज होती आणि ती मला आमच्या कांदिवलीच्या घरात रोज ऐकू येत होती.

बाबांना काचबिंदूने दिसेनासं झालं. गोरेगावच्या स्टुडिओत आयुष्यभर लाइट लावणारा माणूस, चंद्रप्रकाश नावाचा, आता फोनमधल्या बोलणाऱ्या आवाजावर चालतो. बोट ठेवलं की फोन सांगतो इथे काय आहे, दोनदा टिचकी मारली की ते उघडतं. रक्त तपासणाऱ्या लॅबच्या ॲपवर मात्र फोन एकच पालुपद लावायचा. लेबल नाही, बटण. लेबल नाही, बटण. बाबा वैतागून फोन माझ्याकडे द्यायचे. कुणाकडे हात पसरायची सवय नसलेल्या माणसाला हे किती लागतं, ते मी बघत होते.

मालाडच्या कंपनीत मी ॲप टेस्टिंग करायचे. तिथून कमी केल्यापासून ठिकठिकाणी बायोडेटा पाठवून बोटं झिजली होती. मग ठरवलं, त्या लॅबच्या कंपनीलाच काम करून दाखवायचं.

अख्खं ॲप तपासलं नाही. फक्त एक काम धरलं: घरी येऊन रक्त नेणाऱ्या माणसाची वेळ ठरवणं. त्यातल्या चार स्क्रीन. स्क्रीन काळी करून, नुसत्या कानाने. पैसे भरायच्या आधी थांबले, कुणाच्या माहितीला हात लावला नाही. एका पानात लिहिलं, कुठे अडतं, काय ऐकू येतं, काय ऐकू यायला हवं आणि त्यामुळे कोणाचं काम थांबतं. सोबत दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग. शेवटी ठळक अक्षरांत एक सूचना: ‘हे गोल बटण ॲपमध्ये सगळीकडे वापरलेलं दिसतं. इथे त्याला “पुढे” हे नाव द्या, पण प्रत्येक ठिकाणी ते काय करतं ते बघूनच नाव ठरवा.’

पान थेट प्रॉडक्ट हेड कृणाल यांना पाठवलं. मेल छोटी ठेवली. मी कोण, काय सापडलं, तुमच्याकडे असं काम मला करायचंय, वीस मिनिटं द्या.

“फुकटात का करून देतेस? येडी आहेस का?” शेजारची कल्पिता म्हणाली.

“चव दाखवतेय. पातेलं नाही दिलं,” मी म्हटलं.

उत्तर आलं नाही. आठवण करून दिली, तरी नाही.

मग एका संध्याकाळी बाबा आतून त्यांच्या मालवणीत ओरडले, “नमिता, गो, ह्या बोलता!”

धावत गेले. ॲप अपडेट झालं होतं. बटण म्हणत होतं, “पुढे.” वेळ निवडताना “सकाळी सात ते आठ, उपलब्ध” असं ऐकू येत होतं. माझेच शब्द, माझ्याच क्रमाने. बाबा आनंदाने पुन्हापुन्हा बोट फिरवत होते आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. साधं ‘मेल मिळाली’ एवढंही लिहायला यांची बोटं झडली होती का?

“सोड गो. माझा काम झाला ना,” बाबा म्हणाले आणि कुणाच्याही मदतीशिवाय त्यांनी उपाशीपोटीच्या शुगरची सकाळची वेळ घेतली.

दुसऱ्या दिवशी ते आंघोळ करून, बाही वर करून बसले. चहा नाही, पाणीसुद्धा बेताने. सात वाजले, आठ वाजले, नऊ वाजून गेले, कुणी आलं नाही. बाबांनी लॅबला फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, “सर, तुम्हीच बुकिंग कॅन्सल केलंय.”

बाबांनी वर केलेली बाही खाली ओढली. मग स्वतःचाच हात चोळत म्हणाले, “माझ्याच हातान झाला असतला. आता ह्या माका जमाचा नाय.”

त्यानंतर त्यांनी ॲपला हात लावला नाही. माझी नोकरी एक वेळ गेली खड्ड्यात, पण बाबांनी स्वतःवरचा भरवसा सोडावा, हे मला सहन होणारं नव्हतं. मी फोन घेऊन, नवं बुकिंग करून शोधत बसले. बुकिंग झाल्यावरच्या स्क्रीनवर खाली गोल बटण होतं, त्यावर फुलीचं चित्र. बोट ठेवलं. फोन म्हणाला, “पुढे.” टिचकी मारली, बुकिंग रद्द! विचारणंसुद्धा नाही. ‘रद्द झाले’ अशी पट्टी क्षणभर दिसली आणि आवाज न करता गेली. मागे जायचं बटण, तेही “पुढे”. चोरांनी माझं एक नाव उचलून सगळ्या गोल बटणांना चिकटवलं होतं. शेवटची सूचना वाचायचे कष्ट घेतले नव्हते.

दुसरी मेल अर्ध्या पानाची झाली. पहिल्या मेलची तारीख, फुलीच्या बटणाचं रेकॉर्डिंग आणि एक वाक्य: ‘माझ्या वडिलांचं बुकिंग तुमच्या बटणाने रद्द केलंय.’ या वेळी उत्तर तासाभरात आलं. अंधेरीच्या ऑफिसला बोलावलं.

कृणाल माझ्याहून फार मोठा नव्हता. शेजारी एचआरच्या सुलक्षणा मॅडम होत्या.

“इनिशिएटिव्ह आवडला,” तो म्हणाला. “आता असं करा, आठवड्यात पूर्ण ॲपचा रिपोर्ट आणा. असाइनमेंट समजा. मग बघू.”

“पगार?”

“अहो, सिलेक्शनचा भाग आहे तो.”

“सिलेक्शनचा भाग मी आधीच दिलाय. तुम्ही तो वापरलात, न विचारता, आणि तोही अर्धा वाचून. नमुना किती द्यायचा ते मी ठरवलं होतं. पूर्ण ॲप म्हणजे नमुना नाही, काम आहे.”

“म्हणजे तुम्हाला नोकरी नकोय?”

“हवीय. म्हणूनच फुकट करणार नाही.”

त्याने खुर्ची मागे ढकलली. “तुम्हाला आमचं ॲप तपासायला सांगितलं कोणी?”

“कोणी नाही. फोन माझा, ॲप सगळ्यांसाठी खुलं. करून बघा ना तुम्हीच.” मी फोनचा आवाज चालू केला, स्क्रीन काळी केली आणि त्याच्यापुढे ठेवला. “एक बुकिंग केलेलं आहे. ते न मोडता मागे या.”

त्याने बोट फिरवलं. पुढे. पुढे. पुढे. हसून त्याने एकावर टिचकी मारली. मी स्क्रीन उजळली. बुकिंग रद्द झालं होतं.

सुलक्षणा मॅडमनी चष्मा काढला. “कृणाल, हे तिच्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं होतं?”

“हो,” तो पुटपुटला.

मॅडम माझ्याकडे वळल्या. “तीन महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, पगारी. रिपोर्टवर तुमचं नाव. चालेल?”

मला आतून ओरडावंसं वाटलं, चालेल, चालेल! पण घरी बाही वर करून बसलेला माणूस डोळ्यांसमोर होता.

“चालेल. पण आधी एक फोन. माझ्या वडिलांना वाटतंय, चूक त्यांच्या हाताची होती. ती कोणाची होती ते यांनी सांगावं.”

कृणालने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी फोनकडे बोट दाखवलं. मी नंबर लावला, स्पीकर चालू केला.

“काका, मी लॅबमधून कृणाल बोलतोय. तुमचं बुकिंग रद्द झालं त्यात तुमची चूक नव्हती. आमच्या बटणाची होती. सॉरी.”

पलीकडून बाबांचा आवाज आला, स्टुडिओत वरच्या लाइटवाल्याला हाक मारायचा तो खणखणीत आवाज.

“बरा झाला सांगितलास. आता ता ऱ्हवांदे. माझ्या चेडवाक, नमिताक, पगार किती देतलात, ता सांगा!”