अठ्ठावीस षटकांची सकाळ

वॉल्टर निवृत्त झाला त्या शुक्रवारी मी घरून एक उशी आणून माझ्या टेबलाखाली लपवून ठेवली. त्याची खुर्ची फार टणक होती आणि माझी कंबर फार नाजूक आहे. ती खुर्ची मला मिळणार की नाही हे ठरायचं होतं, पण उशी तयार होती. माझ्या स्वभावाची कल्पना यायला एवढं पुरे.

खुर्ची म्हणजे आमच्या लंडनच्या कंपनीतल्या क्रिकेट विभागाचं प्रमुखपद. आमचा धंदा सोपा आहे, निदान सांगायला. कसोटीच्या एका सत्रात किती धावा होतील याचा आम्ही अंदाज बांधतो आणि त्याच्या आजूबाजूला दोन आकडे जाहीर करतो, तोच आमचा भाव. समजा, साठ आणि चौसष्ट. ज्याला वाटतं धावा जास्त होतील, तो चौसष्टला घेतो. ज्याला वाटतं कमी होतील, तो साठला विकतो. प्रत्यक्षात जेवढ्या धावांचा फरक पडेल त्यातल्या प्रत्येक धावेमागे ठरलेले पौंड, कधी त्याच्या खिशातून तर कधी आमच्या. दोन आकडे बरोबर बसवणं हीच आमची कला. मी तिला कला म्हणतो. बायको तिला वेगळंच काहीतरी म्हणते.

इंग्लंडमधल्या उन्हाळ्याचे सगळे सामने माझ्याकडे असायचे. हिवाळ्यातले परदेश दौरे वॉल्टर स्वतः बघायचा, पहाटे उठून, कुणाला हात लावू न देता. तो गेला आणि इंग्लंडची मार्चमधली गॉलची कसोटी माझ्या पदरात पडली. आमच्या मालकीणबाई रोझलिंड टेंच यांची हयात घोड्यांच्या शर्यतींत गेलेली. क्रिकेटमध्ये चहाला सुट्टी का देतात हे त्यांना अजून पटलेलं नाही. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"लायनेल, पाचव्या दिवसाच्या सकाळच्या सत्राचा भाव तू लाव. नीट लागला तर सोमवारपासून वॉल्टरच्या खुर्चीत बस."

"आणि नाही लागला तर?"

"तर ग्वेन आहेच की."

ग्वेन ऑलर्टन फुटबॉलमधल्या कॉर्नर किकचे भाव काढायची. कॉर्नर किकचे! मी हसलो. रोझलिंड हसल्या नाहीत.

तिकडे सकाळी दहाला खेळ सुरू व्हायचा, म्हणजे आमच्याकडे पहाटे साडेचार. ऑफिसात मी आणि मदतीला दिलेली ग्वेन, एवढेच. मी आल्या आल्या टीव्हीसमोर गुडघे टेकून बसलो. खेळपट्टी नेहमी तिच्या पातळीवरून बघावी असं माझं मत आहे. खेळपट्टी पाच हजार मैलांवर असली तरी.

"तुमचं काही पडलंय का?" ग्वेनने विचारलं.

"मी खेळपट्टी वाचतोय."

"उभं राहून दिसत नाही का ती?"

कॅमेरा जवळ गेला आणि समालोचकाने गाडीची किल्ली एका भेगेत खोचली. किल्ली मेणबत्तीसारखी उभी राहिली. मला इतका आनंद झाला की मी ग्वेनला हात धरून पडद्याजवळ ओढलं.

"हे बघ. माती सुटलीय. आता इथे बघ, उजव्या हाताच्या फलंदाजाच्या ऑफ स्टंपबाहेर हा खडबडीत पट्टा. डावखुऱ्या वेगवान गोलंदाजांनी चार दिवस इथे बूट आपटलेत. त्यांचा ऑफस्पिनर बरोब्बर तिथे टाकणार आणि चेंडू आत वळणार, कोणीतरी पायचीत जाणार. दुसऱ्या बाजूने डावखुरा फिरकीवाला, तो चेंडू बाहेर नेणार. आपल्याला दिवसभर खेळून सामना वाचवायचाय, म्हणजे कोणी फटके मारणार नाही. पहिला तास नुसता अडवाअडवीचा. पाणी पिऊन झालं की कोणीतरी कंटाळून स्वीप मारेल. दोन-तीन विकेट पडतील. षटकाला दोन पूर्णांक दोन धावा. एक कणही इकडेतिकडे नाही."

"बरं. आणि षटकं किती?"

"काय?"

"सत्रात षटकं किती होतील? तुम्ही षटकाला दोन पूर्णांक दोन म्हणालात. मग किती षटकं?"

आता हा प्रश्न मला विचारणं म्हणजे आचाऱ्याला 'चूल पेटवली का' असं विचारण्यासारखं. माझ्या तक्त्यात वरच्या चौकटीत अठ्ठावीस हा आकडा कायमचा बसवलेला होता. मीच बसवला होता, कित्येक वर्षांपूर्वी. दोन तासांचं सत्र, अठ्ठावीस षटकं. इंग्लंडमध्ये कधी सव्वीस, कधी एकोणतीस, पण अठ्ठावीस धरलं की फसत नाही.

"अठ्ठावीस," मी म्हणालो. "ग्वेन, क्रिकेटमध्ये काही गोष्टी गृहीत धरायच्या असतात. कॉर्नर किकमध्ये नसतील."

ती गप्प बसली. माझं तोंड सुटलं की समोरचा गप्प बसतो आणि मला वाटतं त्याला पटलं.

अठ्ठावीस गुणिले दोन पूर्णांक दोन, साडेएकसष्टच्या वर. मी साठ-चौसष्ट असा भाव लावला. बाकीच्या कंपन्या पहिलं षटक बघून भाव उघडतात. मी आधीच उघडला. पहिलं यायची मला फार हौस.

पहिल्या दोन मिनिटांत अकरा जणांनी चौसष्टला घेतलं. एकानेही विकलं नाही.

"सगळे घेतायत," ग्वेन म्हणाली.

"घेऊ देत. टीव्हीवर ऊन दिसलं की लोकांना धावा दिसतात. भेग कोण बघतो?"

"वाढवायचा का?"

"दोनने वाढव. दया म्हणून."

बासष्ट-सहासष्ट केला. तरी घेणाऱ्यांची रांग हटेना. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीचा भाव पडद्यावर आला, अठ्ठ्याहत्तर-ब्याऐंशी. मी मोठ्याने हसलो. "यांनी खेळपट्टी पाहिलेलीच नाही!" हे वाक्य मी दोनदा म्हणालो, कारण पहिल्यांदा ग्वेन हसली नव्हती.

आणि खेळ कसा झाला? अगदी मी सांगितला तसा! ऑफस्पिनर त्या खडबडीत पट्ट्यावर टाकत होता, चेंडू बोटभर जास्तच वळत होता, आमचे फलंदाज पॅड पुढे करून प्रार्थना करत होते. एक आत आलेल्या चेंडूवर पायचीत गेला. मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या देशाचा गडी बाद झाल्यावर टाळ्या वाजवणारा मी त्या पहाटे लंडनमधला बहुधा एकटाच असेन. एका तासानंतर पाणी आलं तेव्हा एक्केचाळीस धावा झाल्या होत्या.

"एक्केचाळीस," मी म्हणालो. "हं. जरा जास्त वाटतात, पण..."

"एकोणीस षटकांत," ग्वेन म्हणाली. "दोन पूर्णांक पंधरा. तुमचा आकडा बरोबर आहे."

मी तक्त्याकडे पाहिलं. 'उरलेली षटकं' या चौकटीत नऊ लिहिलं होतं. मग घड्याळाकडे पाहिलं. अख्खा एक तास उरला होता.

दोन्ही बाजूंनी फिरकी. दोन पावलं चालायचं, चेंडू टाकायचा, परत दोन पावलं. आमच्याकडचे वेगवान गोलंदाज तीस पावलं मागे जातात, घाम पुसतात, कर्णधाराशी चर्चा करतात, मग धावत येतात. त्यांच्या एका षटकाच्या वेळात हे लोक जवळजवळ दीड षटक उरकतात. ज्या भेगांवर मी एवढा खूश होतो, त्या भेगांमुळेच त्यांच्या कर्णधाराला वेगवान गोलंदाजाची गरज नव्हती. खेळपट्टी जेवढी झिजलेली, तेवढी फिरकी जास्त. फिरकी जास्त, तेवढी षटकं जास्त. एका हाताने मी धावा कमी केल्या होत्या आणि दुसऱ्या हाताने वाढवायच्या त्या विसरलो होतो. माझ्यापेक्षा एखादं शेंबडं पोर बरं, निदान ते बोटं मोजतं.

"नवा चेंडू आला की वेगवान गोलंदाज आणतील," मी कसाबसा म्हणालो. "मग षटकं मंदावतील."

नवा चेंडू घ्यायची वेळ आली. कर्णधाराने जुन्याच चेंडूकडे प्रेमाने पाहिलं आणि तो परत ऑफस्पिनरच्या हातात दिला. मी देवाचं नाव घेतलं. मी चर्चमध्ये गेल्याला बरीच वर्षं झाली असल्याने त्यानेही ओळख दाखवली नाही.

तोवर भाव वर नेऊन उपयोग नव्हता. धावेमागे पाचशे पौंडांच्या आसपास आम्ही आधीच गळ्यात बांधून घेतले होते. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा सदतीस षटकं, तीन बाद, एक्क्याऐंशी धावा. एका सकाळीत मी एक छोटी मोटार लोकांमध्ये वाटून टाकली होती.

सात वाजता रोझलिंड आल्या. ग्वेनने सर्वांसाठी बेकन घातलेले पाव आणले होते. माझा तसाच पडून होता. रोझलिंडनी आकडा पाहिला आणि कोट न काढताच टेबलाच्या कडेला बसल्या. रागावल्या नव्हत्या. ते जास्त वाईट.

"कळलं मला," त्या म्हणाल्या. "खेळपट्टीने दगा दिला, नाही का? वळलीच नाही. घोड्यांचंही असंच असतं. चिखल म्हणतात आणि मैदान निघतं कोरडं. त्यात तुझा काय दोष? असं कुणाच्याही बाबतीत होतं. मी अहवालात तसंच लिहून टाकते."

ग्वेन चहात चमचा फिरवत होती. तिने वर पाहिलं नाही. मला फक्त मान हलवायची होती. एकदा मान हलवली की सोमवारपासून खुर्ची, उशी, सगळं माझं.

"वळली नाही?" मी म्हणालो. "कोण म्हणतं वळली नाही? हातभर वळली! दोन पूर्णांक दोन मी सांगितलं होतं, झालं किती? दोन पूर्णांक एकोणीस! पायचीत कसा होईल तेसुद्धा मी आधी सांगितलं होतं. विचारा ग्वेनला! इतकी अचूक खेळपट्टी वॉल्टरने जन्मात वाचली नसेल!"

"मग एवढे पैसे कसे गेले?"

बाहेर कचऱ्याची गाडी डबे उलटे करत होती.

"षटकं," मी म्हणालो. "अठ्ठावीस धरली. झाली सदतीस."

"का धरलीस?"

"नेहमी तेवढीच धरतो म्हणून."

रोझलिंडनी ग्वेनकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"मला क्रिकेट येत नाही," ग्वेन हळूच म्हणाली. "म्हणून मी विचारलं होतं, किती?"

रोझलिंड उठल्या आणि कोटाची बटणं लावत निघून गेल्या.

सोमवारी मी लवकर गेलो, कुणी यायच्या आत उशी घरी न्यावी म्हणून. पण ग्वेन माझ्याही आधी येऊन वॉल्टरच्या खुर्चीत बसली होती आणि कंबर चोळत होती. तिच्यासमोर नवा तक्ता होता. वरच्या चौकटीतला अठ्ठावीस खोडला होता.

"लायनेल, ही खुर्ची आहे की शिक्षा? वॉल्टर कसे बसायचे हिच्यावर?" मग तिने मॉनिटर माझ्याकडे वळवला. "षटकं मी काढीन. षटकाला धावा किती, ते तुम्हीच सांगायचं. ते मला कधी जमणार नाही. पुढच्या कसोटीची, कोलंबोची खेळपट्टी दाखवतायत."

मी टेबलाखाली वाकलो, उशी काढली आणि तिला दिली. तिने ती पाठीमागे घातली आणि सुखाने डोळे मिटले.

मी टीव्हीसमोर गुडघे टेकले.