चौथ्या रकान्यातली पट्टी

अंकुरचा फोन रविवारी चारला येणार होता, आणि प्रणालीने ती वेळ आठवडाभर उशाशी घेऊन झोपावं तशी जपली होती. दोन वर्षांपूर्वी तो जर्मनीला गेला तेव्हा प्रयोगशाळेत त्याचं टेबल रिकामं झालं, मग त्याचे निरोप विरळ झाले. आणि आता अचानक त्याने लिहिलं होतं, "चौथा रकाना पाहिला. खरा असेल तर इथल्या सरांना दाखवतो. तुझ्यासाठी जागा आहे."

तिने त्याला पाठवलेल्या चित्रात एकेक रकाना म्हणजे एकेका नळीचा निकाल, आणि पट्टी म्हणजे प्रथिन सापडल्याची खूण; चौथ्या रकान्यात काहीच दिसायला नको होतं. मायटोकॉन्ड्रियाची, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांची, बहुतेक प्रथिनं पेशीच्या केंद्रकातल्या जनुकांवरून घडतात, बाहेर तयार होतात आणि मग आत जातात. बाहेरच्या पडद्याचं दार त्यांना घेतं, पण आतल्या पडद्यापाशी नुसतं दार पुरत नाही. प्रथिनाच्या पुढच्या तुकड्यावर धन भार असतो, आतल्या बाजूला ऋण भार. त्या ओढीनेच तो तुकडा आत खेचला जातो, मग आतली यंत्रणा बाकीचं ओढून घेते आणि तुकडा छाटला जातो. प्रणालीने चौथ्या नळीत व्हॅलिनोमायसिन हे रसायन घालून ही ओढ मारली होती. तरीही छाटलेलं प्रथिन आत सापडलं. बाहेर उरलेलं सगळं तिने पाचक विकराने खाऊन टाकलं होतं, म्हणजे पट्टी आतलीच. फिकी, पण पट्टी. तीनदा केलं, तीनदा आली. तिच्या मार्गदर्शक मॅडमनी पाठ थोपटली.

शनिवारी दुपारी ती एकटीच होती. ऊन खिडकीच्या काचेवर येऊन बसलेलं, फ्रीजची घरघर तेवढी सोबतीला. चित्रासाठी एकदा शेवटचं करावं म्हणून तिने बफरची, प्रयोगाच्या खारट द्रावणाची, बाटली उचलली, तर तळाशी घोटभर उरलेलं.

शालिकराम काचसामान धुऊन आला. तीस वर्षं तो इथे बाटल्या धूत होता आणि मुलींना त्यांच्या आयांसारखा रागे भरायचा.

"जेवली काय वं?"

"खाते, काका. आधी बफर करते."

"मंग आता ही घे." त्याने कपाटातून पोटॅशियम क्लोराइडची नवी बाटली काढली. "बुधवारी आली. मागच्या महिन्यात नव्हती, तं तूच म्हने, चालते, सोडियमचं टाकते. मले वाटलं, दोन्ही मीठच."

प्रणालीचा हात बाटलीवरच थांबला. क्लोराइड, फॉस्फेट, सगळंच तिने त्या दिवशी सोडियमचं घेतलं होतं. वहीत लिहिलंही होतं, आणि पान उलटून विसरली होती. व्हॅलिनोमायसिन फक्त पोटॅशियमला वाट देतं. बाहेर भरपूर पोटॅशियम असलं तर ते आत शिरून ऋण भार पुसून टाकतं. बाहेर ते जवळजवळ नसेल, तर उलट आतलंच बाहेर निघतं, आणि आत ऋण भार राहतो. तिने ओढ मारलीच नव्हती. तिने ती शाबूत ठेवली होती.

"काय झालं वं?"

"काही नाही, काका."

तो गेल्यावर तिने बाटली परत कपाटात ठेवली. दार लावलं. कोणाला कळणार होतं? उरलेल्या घोटभर बफरमध्ये एक प्रयोग बसला असता, आणि उद्या चारला अंकुर म्हणाला असता, ये.

तिचे बाबा उमरेडला माग चालवायचे तेव्हा साडीच्या काठात एक धागा चुकला की वीतभर विणलेलं उसवायचे. कोणी बघत नसे. तिला तेव्हाचा राग आठवला, त्यांचा नव्हे, स्वतःचा. लहानपणी तिला ते उसवणं असह्य व्हायचं. तिने कपाट उघडलं.

दोन बफर, एकाच खेपेचे मायटोकॉन्ड्रिया, शेजारी शेजारी. रविवारी सकाळी चित्र उमटलं. सोडियमच्या बाजूला तीच फिकी पट्टी. पोटॅशियमच्या बाजूला चौथा रकाना कोरा, पाटी पुसून ठेवावी तसा.

चारला फोन वाजला.

"बोल वं, काय म्हणून राहिली तुझी पट्टी?"

"नाही आहे रे ती." तिने सगळं सांगितलं, मिठापासून.

पलीकडे तो हसला, कुचेष्टेने नाही, पण आवरतं घेतल्यासारखं. "होते कधी कधी. बरं झालं मी सरांना सांगितलं नाही."

"हो."

"मग... बोलू कधीतरी."

"ते इथलं कडुनिंबाचं झाड तोडलं, तुझ्या खिडकीसमोरचं," ती म्हणाली. पण तोवर त्याने फोन ठेवला होता.

तिने मॅडमना निरोप लिहिला: पट्टी चूक होती, पोटॅशियम नव्हतं, उद्या येऊन सांगते. मग वहीत, महिन्याभरापूर्वीच्या त्या पानावर, सोडियमखाली लाल रेघ ओढली आणि दोन्ही चित्रं बाजूबाजूला चिकटवली. जुन्या बाटलीतलं उरलंसुरलं बफर मोरीत ओतलं. पाणी सोडून बराच वेळ ती तिथेच उभी राहिली, बाटली स्वच्छ झाल्यावरही.